तयारीत उभं असतानाच्या फोटोवरून ग्रिप आणि पायांच्या चुका कशा ओळखायच्या?

दीड महिना झाला बॅडमिंटन शिकतोय, उजव्या हाताने खेळतो. बॅकहँडचं शटल एकतर नेटमध्ये जातं, नाहीतर वर उडतं. नेटजवळ पडणाऱ्या शटलपर्यंत पोचायला नेहमी उशीर होतो. मित्राने मी तयारीत उभा असताना दोन फोटो काढलेत, एक समोरून आणि एक उजव्या बाजूने. मला त्यात काही चुकीचं दिसत नाही. रॅकेट वर आहे, गुडघे वाकलेले आहेत. मग चुकतंय कुठे? फोटोत नेमकं काय बघायचं?

*

तुमच्या दोन्ही तक्रारींची कारणं या फोटोंत आहेत. तुम्ही रॅकेट वर आहे का आणि गुडघे वाकले आहेत का एवढंच बघितलंत, म्हणून ती सुटली. नवीन खेळाडूला पहिल्या आठवड्यात याच दोन गोष्टी सांगतात, त्यामुळे फोटोतही तो त्याच शोधतो. मी फोटो हातात आला की आधी तिसरंच काहीतरी बघते: शर्टावरची अक्षरं.

हसू नका. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कित्येकदा आरशातल्यासारखा उलटा साठवला जातो. एका मुलीला मी फोटो बघून भलंमोठं उत्तर लिहिलं होतं, "डावखुऱ्या खेळाडूने उजवा पाय असा ठेवू नये" वगैरे. तिचं साधं उत्तर आलं, "मॅडम, मी उजव्या हाताने खेळते." तेव्हापासून अक्षरं सुलटी वाचता आली तरच पुढे जाते. तुमच्या फोटोत शर्टावरचा आकडा सरळ आहे, म्हणजे उजवा हात उजवाच आहे.

आता हात. समोरच्या फोटोत तुमच्या रॅकेटची जाळी पूर्ण दिसते, एकेक चौकोन मोजता येईल इतकी. एवढ्यावरून बरेच जण लगेच "पॅनहँडल ग्रिप आहे" असं सांगून मोकळे होतात. तव्याचा दांडा धरावा तशी धरलेली मूठ म्हणून हे नाव. पण नुसती जाळी दिसणं हा पुरावा नव्हे. मूठ अगदी बरोबर असलेल्या खेळाडूनेही कोपरापासून पुढचा हात थोडा फिरवला की जाळी कॅमेऱ्यासमोर येतेच. म्हणून जाळीबरोबर हाताचा कुठला भाग कॅमेऱ्याकडे आहे तेही बघायचं.

हे नीट समजून घ्या, कारण एकदा जमलं की कुणाचाही फोटो वाचता येतो. रॅकेटच्या दांड्याला आठ पैलू असतात: दोन रुंद, दोन अरुंद आणि मधले चार तिरके. रुंद पैलू जाळीच्या दिशेने असतात, अरुंद पैलू फ्रेमच्या कडेच्या दिशेने. साध्या फोरहँड ग्रिपमध्ये आपण दांड्याशी हस्तांदोलन करतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी व्ही या अक्षरासारखी जी खाच होते, ती वरच्या अरुंद पैलूवर येते. याचा परिणाम असा की तळहात आणि जाळी एकमेकांना समांतर राहतात. तळहात जिकडे बघतो तिकडेच जाळी बघते. पॅनहँडलमध्ये ती खाच रुंद पैलूवर सरकते, आणि तळहात व जाळी यांच्यात काटकोन तयार होतो.

फोटोत हे असं दिसतं. जाळी कॅमेऱ्याकडे पूर्ण तोंड करून आहे आणि तिच्याखाली हाताची पाठ किंवा तळवा दिसतोय, तर ग्रिप बहुधा ठीक आहे, फक्त हात फिरलेला आहे. पण जाळी पूर्ण दिसतेय आणि खाली मुठीची पुढची बाजू, म्हणजे बोटांच्या सांध्यांची रांग दिसतेय, तर ते पॅनहँडल. तुमच्या फोटोत चारही बोटांचे सांधे एकाखाली एक स्पष्ट मोजता येतात. ग्रिप बरोबर असती आणि मूठ अशीच उभी असती, तर मला जाळीऐवजी फ्रेमची कड, एक बारीक उभी रेघ दिसली असती.

बॅकहँडचं दुखणं इथूनच सुरू होतं. बॅकहँड मारताना अंगठा रुंद पैलूवर आडवा टेकून मागून रेटा देतो. तुमच्या मुठीत अंगठा अरुंद पैलूच्या बाजूला येतो, त्यामुळे रेटायला त्याला नीट जागाच नाही. मग जाळी शटलसमोर आणण्यासाठी तुम्ही मनगट मोडता किंवा कोपर खांद्याएवढं उचलता. मनगट जरा जास्त मोडलं की जाळी खाली बघते आणि शटल नेटमध्ये जातं. कमी मोडलं की ती आकाशाकडे बघते आणि शटल वर उडतं. एकाच फटक्यात दोन उलट्या चुका होतात त्या यामुळे. बॅकहँडचा सराव वाढवून हे सुटणार नाही. मूठ तीच राहिली तर सराव चुकीचाच पक्का होईल.

मुठीबद्दल आणखी एक. तुमची चारही बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली आहेत, हातोडी धरल्यासारखी. तर्जनी मधल्या बोटापासून थोडी सुटून वर सरकलेली असायला हवी, बंदुकीच्या घोड्यावर ठेवल्यासारखी. ती सुटलेली असली तर बोटांच्या बोटांत ग्रिप बदलता येते, चिकटलेली असली तर अख्खी मूठ उघडावी लागते आणि तेवढा वेळ खेळात मिळत नाही. मूठ आवळलेली आहे का, हे मात्र फोटो खात्रीने सांगत नाही. सांध्यांवरची कातडी पांढरी पडलेली असणं, मनगटाच्या आतल्या बाजूला शिरा ताठ दिसणं, उजवा खांदा डाव्यापेक्षा वर कानाकडे गेलेला असणं, या खुणा संशयापुरत्या आहेत. तुमचा उजवा खांदा वर दिसतोय, म्हणून मला शंका आहे. खात्री करायची असेल तर तयारीत उभे राहा आणि मित्राला तुम्हाला आधी न कळवता रॅकेटचं टोक हलकेच ओढायला सांगा. रॅकेट हातात सहज हलली तर ठीक. रॅकेटबरोबर तुमचा खांदा ओढला गेला तर मूठ आवळलेली आहे.

पॅनहँडल वाईटच असतं असं कुणी सांगितलं तर तेही पूर्ण खरं नाही. नेटवर उंच आलेलं शटल झटकन खाली मारायला चांगले दुहेरी खेळाडू मुद्दाम त्या बाजूला मूठ सरकवतात. फरक एवढाच की ते तिथे जातात आणि लगेच परत येतात. तुम्ही तिथेच मुक्काम ठोकलाय.

आता उजव्या बाजूचा फोटो. इथे मला समोरच्यापेक्षा जास्त सापडलं.

गुडघे वाकलेले आहेत हे खरं. पण गुडघा दोन प्रकारे वाकतो. खुर्चीवर बसताना वाकतो तेव्हा कंबर मागे जाते आणि नडगी उभीच राहते. उडी मारायच्या आधी वाकतो तेव्हा नडगी पुढे कलते आणि गुडघा बुटाच्या टोकाकडे सरकतो. फोटोत गुडघ्याचा कोन मोजत बसू नका, नडगी बघा. तुमची नडगी जवळजवळ भिंतीसारखी उभी आहे. म्हणजे तुम्ही खुर्चीवाले.

पडताळण्यासाठी ओळंबा सोडा. फोटो फोनवर उघडा, खांद्याच्या सांध्यावर एक पट्टी धरा आणि सरळ खाली आणा. पट्टी फोनच्या कडेला समांतर धरण्याआधी मागचा नेटचा खांब फोटोत सरळ उभा आहे ना, ते बघून घ्या. फोन तिरका धरलेला असेल तर ओळंबाही तिरका पडतो. तयारीच्या चांगल्या अवस्थेत ही रेघ गुडघ्याच्या जवळून जाऊन चवड्यावर किंवा त्याच्या आसपास पडते. तुमची रेघ उजव्या पायाच्या टाचेवर पडते.

तिसरी खूण बुटांत आहे. चवड्यावर भार असलेल्या माणसाच्या बुटाला बोटांच्या मुळाशी आडव्या चुण्या पडतात आणि टाचेखाली उजेडाची किंवा सावलीची बारीक फट दिसते. टाच फार उचललेली नको, टाचेखालून कागद सरकेल इतपत पुरे. तुमचे दोन्ही बूट सपाट आहेत, चुण्या नाहीत, फट नाही. नडगी, ओळंबा आणि बूट या तिन्ही साक्षी जुळल्या, म्हणून मी ठामपणे सांगते की भार टाचांवर आहे. एकच खूण असती तर मी गप्प बसले असते, कारण जाड तळाच्या किंवा कडक नव्या बुटाला चुण्या लवकर पडत नाहीत.

नेटपर्यंत पोचायला उशीर का होतो, ते आता उघड आहे. पुढे जायला चवड्याने जमीन मागे ढकलावी लागते. तुमचा भार टाचेवर असल्यामुळे आधी तो चवड्यावर आणावा लागतो, मगच ढकलता येतं. हे तपासायला फोटो पुरत नाही, छोटा व्हिडिओ लागतो. मित्राला तुम्हाला आधी न कळवता समोरून शटल नेटजवळ टाकायला सांगा. नंतर शटल त्याच्या हातातून सुटलं ती चौकट आणि तुमचा पाय पहिल्यांदा हलला ती चौकट, दोन्ही थांबवून बघा. मागच्या भिंतीवरची एखादी रेघ धरून डोक्याची उंची ताडून पाहा. दुसऱ्या चौकटीत डोकं वर गेलेलं दिसलं, तर तुम्ही पुढे निघण्याआधी सरळ उभे राहिलात. टाचांवर बसणारे जवळपास सगळेच हे करतात, आणि त्यांना ते कधीच जाणवत नाही.

आता तुमच्या फोटोतली सगळ्यात मजेशीर गोष्ट. डावा पाय पुढे आहे, आणि थोडाथोडका नाही, अख्खा बूटभर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं हा सर्व्हिस घेतानाचा फोटो आहे. मग तुमचा प्रश्न पुन्हा वाचला. तुम्ही तो रॅलीतली तयारी म्हणून पाठवलाय. म्हणून मी नेहमी विचारते की फोटो खेळाच्या कुठल्या क्षणाचा आहे. तोच पाय एका क्षणी बरोबर असतो आणि दुसऱ्या क्षणी चूक.

सर्व्हिस घेताना उजव्या हाताने खेळणारे डावा पाय पुढे ठेवतात, याला नियमाचाही आधार आहे. सर्व्हिस सुरू झाल्यापासून शटल मारलं जाईपर्यंत सर्व्हिस करणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला टेकलेला आणि स्थिर असावा लागतो. म्हणजे तिथे छोटी उडी घेऊन सुरुवात करता येत नाही, उभ्या जागेवरूनच सुटावं लागतं. म्हणून धावपटूसारखा एक पाय पुढे, एक मागे ठेवतात आणि बराचसा भार पुढच्या पायावर टाकतात. रॅलीत मात्र शटल चारही कोपऱ्यांत येऊ शकतं आणि उडी घ्यायला कुणाची आडकाठी नसते. तिथे पाय जवळजवळ एका रेषेत ठेवतात, उजवा फार तर अर्धा बूट पुढे. काही प्रशिक्षक अगदी समांतर ठेवायला शिकवतात, तेही मला मान्य आहे. स्मॅश परतवताना तर पाय समांतर आणि आणखी फाकलेले असतात.

तुम्ही सर्व्हिस घेणाऱ्याचे पाय उचललेत, पण त्याचा भार उचलला नाहीत. तो पुढच्या पायावर झुकलेला असतो, तुम्ही मागच्या टाचेवर रेललेले आहात. त्यामुळे त्या ठेवणीचा जो एक फायदा, पुढे झेप घेण्याचा, तोही हाती लागत नाही. आणि पाय पुढेमागे लांबवल्यामुळे बाजूला जायची अडचण मात्र पदरात पडते.

पायांतलं अंतर फोटोवरून मोजायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. नियमाप्रमाणे रॅकेट ६८० मिलिमीटरपेक्षा लांब असू शकत नाही, आणि मोठ्यांच्या बहुतेक रॅकेट त्याच्या अगदी जवळपास असतात. एक जादा रॅकेट तुमच्या पायांच्या पुढे जमिनीवर आडवी ठेवून समोरून फोटो काढा. मोठ्या माणसाच्या दोन्ही बुटांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर ढोबळमानाने रॅकेटएवढं किंवा किंचित कमी असावं. उंचीप्रमाणे ते बदलणारच, खांद्यांपेक्षा थोडं जास्त हे खरं माप. हातातल्या रॅकेटने मोजू नका. ती कॅमेऱ्याकडे कललेली असते आणि फोटोत आखूड दिसते. तुमच्या समोरच्या फोटोत पाय खांद्यांपेक्षाही जवळ आहेत, ते मोजल्याशिवायही कळतं.

हात आणि पाय यांचा संबंध काय, असं तुम्हाला वाटेल. नवशिक्यांमध्ये तो बऱ्याचदा सापडतो. पॅनहँडलमध्ये छाती नेटकडे ठेवूनच जाळी नेटकडे बघते, त्यामुळे कोपरापासून हात फिरवायची गरज पडत नाही आणि अंगही वळवावं लागत नाही. अंग वळलं नाही की पाय मागच्या कोपऱ्याकडे वळायला शिकत नाहीत. माणूस कोर्टाच्या मध्ये उभा राहून हाताने शटल शोधतो, आणि डोक्यावरून गेलेल्यासाठी मागे रेलतो. रेलायची सवय लागली की उभं राहतानाही भार मागेच राहतो. तुमच्या बाबतीत असंच झालं असेल, हे दोन फोटोंवरून मी शपथेवर सांगणार नाही. पण दोन्ही चुका एकत्र दिसल्या की मी सुरुवात मुठीपासून करते.

त्यासाठी डाव्या हाताने रॅकेट फ्रेमजवळ अशी धरा की कड जमिनीकडे आणि छताकडे येईल. मग उजव्या हाताने दांड्याशी हस्तांदोलन करा आणि बोटं एकेक करून मिटा. दांड्याचं खालचं टोक तळहाताच्या टाचेजवळ येऊ द्या. तळहात आणि दांडा यांच्यात थोडी पोकळी राहायला हवी. आता वरच्या अरुंद पैलूवर ग्रिपच्या पट्टीवर पेनाने एक उभी रेघ मारा. ही रेघ तुमच्यासाठी आणि कॅमेऱ्यासाठीही आहे. यापुढे हाताचा वरून जवळून फोटो काढला की अंगठा-तर्जनीमधली खाच रेघेवर आहे की घसरली, ते एका नजरेत कळेल. किंचित इकडेतिकडे चालेल, पण रुंद पैलूवर गेलेली चालणार नाही. बॅकहँडसाठी मूठ न सोडता दांडा बोटांत थोडा फिरवा आणि अंगठा रुंद पैलूवर टेकवा. टीव्ही बघता बघता हे रोज पाच मिनिटं केलं तरी चालतं, त्याला कोर्ट लागत नाही.

एक सावधगिरी. नव्या मुठीने पहिले काही दिवस फोरहँड बिघडेल. शटल कडेने कापलं जाईल, तिरकं जाईल, कधी फ्रेमला लागेल. याचं कारण असं की इतके दिवस न वापरलेलं हाताचं फिरणं आता वापरावं लागतं. नेमके याच वेळी बरेच जण "जुनीच बरी होती" म्हणून परत जातात.

पायांसाठी वेगळं काही शिकायच्या आधी फक्त सुरुवात बदला. समोरचा शटल मारतो त्या क्षणी जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकी छोटी उडी घ्या आणि दोन्ही चवड्यांवर, पाय थोडे फाकवून उतरा. हीच स्प्लिट स्टेप. ती घेतली की टाचांवर उभं राहणं आपोआप अवघड होतं, कारण उडी मारून कुणी टाचांवर उतरत नाही. "टाचा उचला" असं सांगितलं की लोक बॅलेरिनासारखे ताठ उभे राहतात आणि नडगी उभीच राहते. म्हणून मी ते वाक्य वापरणं सोडून दिलंय.

पुढचे फोटो काढताना एक बदल करा. या दोन्ही फोटोंत तुम्ही कॅमेऱ्याकडे बघताय, म्हणजे ही पोझ आहे. पोझमध्ये रॅकेट सगळ्यांचीच वर असते. त्याऐवजी मित्राला साध्या रॅलीचा व्हिडिओ काढू द्या आणि समोरचा शटल मारतो त्या क्षणाची चौकट त्यातून काढा. फोन कमरेच्या उंचीवर, तीनचार मीटर दूर ठेवा. रुंद भिंगाने जवळून काढू नका, त्यात कडेचे पाय ताणल्यासारखे लांब आणि फाकलेले दिसतात. एखाद्या चौकटीत पाय हवेत आणि धूसर दिसले तर घाबरू नका, ती उडी पकडली गेली आहे. त्याच्या पुढची, पाय टेकल्यानंतरची चौकट घ्या.

दोन आठवड्यांनी त्याच दोन बाजूंनी अशा चौकटी काढा आणि त्यांच्यासोबत मुठीचा वरून काढलेला एक फोटो ठेवा, पेनाची रेघ दिसेल असा. समोरून फ्रेमची कड दिसली आणि बाजूने नडगी कललेली दिसली, तर बॅकहँडबद्दल पुढचं बोलू. जाळी तशीच पूर्ण दिसत असेल आणि खाली सांध्यांची रांग असेल, तर व्हिडिओत रॅलीचा कितवा फटका मारल्यावर खाच रेघेवरून घसरते ते शोधून ठेवा. बहुतेकांची ती पहिल्या जोरदार फोरहँडनंतर घसरते.